मदत हवी आहे: युरोपियमचा ग्लो मिलिसेकंदभर का टिकतो?

Y2O3:Eu3+ या लाल फॉस्फरबद्दल विचारायचंय. याची ६११ नॅनोमीटरची लाइन पल्स बंद झाल्यावरही साधारण १ मिलिसेकंद टिकते, आणि Ce3+ वाले फॉस्फर मात्र काही दहा नॅनोसेकंदात विझतात. मला समजलंय ते असं की युरोपियममधला इलेक्ट्रॉन 4f मधून 4f मध्येच जातो, पॅरिटी बदलत नाही म्हणून ट्रान्झिशन फॉरबिडन, क्रिस्टल फील्डमुळे थोडं 5d मिसळतं तेवढीच काय ती सूट, सीरियममध्ये 5d–4f सरळ अलाउड. आणि आइन्स्टाइनचे A आणि B एकमेकांना बांधलेले, त्यामुळे जो आयन फोटॉन सावकाश सोडतो तो घेतोही कमीच, म्हणूनच ४६५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात हा फॉस्फर जेमतेम शोषतो आणि २५० च्या आसपासच्या चार्ज ट्रान्सफर बँडमधून पंप करावा लागतो. इथपर्यंत बरोबर ना?

आता खरी अडचण. युरोपियम जास्त टाकलं की लाइफटाइम घटतो पण ब्राइटनेसही पडतो. म्हणजे हे क्वेंचिंगच, ट्रान्झिशन काही जास्त अलाउड झालेलं नाही, बरोबर? मोजलेल्या लाइफटाइममधून नुसता रेडिएटिव्ह भाग वेगळा कसा काढायचा? 5D0→7F1 मॅग्नेटिक डायपोल असल्याने त्याचा रेट होस्टवर फारसा अवलंबून नसतो, तर तिच्याशी बाकीच्या लाइन्सची इंटेन्सिटी ताडून पाहणं पुरेसं आहे का?