पिच, जाड-बारीक आटे आणि बोल्टच्या डोक्यावरचे आकडे

«बोल्टच्या माहितीचं भाषांतर करताना पिचला ‘अंतराल’, कोर्स थ्रेडला ‘खडबडीत आटे’ आणि डोक्यावरच्या 8.8 ला ‘८.८ दर्जा’ लिहिलंय. चालेल का?»

‘अंतराल’ कारखान्यात कुणी म्हणत नाही. ‘पिच’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर’ असा खुलासा करा. ‘खडबडीत’ मात्र काढाच. वाचणाऱ्याला आटे नीट कापलेले नाहीत असं वाटेल. ‘जाड आटे’ आणि ‘बारीक आटे’ पुरेत.

१० मिमी व्यासाचा जाड आट्यांचा बोल्ट नुसता M10 लिहितात, त्याचा पिच १.५ मिमी गृहीत असतो. बारीक असेल तर M10×1.25. भाषांतरात ×1.25 गळालं की माणूस जाड आट्यांचा नट आणतो. तो एक-दोन फेरे हाताने जातो, मग अडकतो. पाना लावून रेटला की आटे गेले.

8.8 हा दशांश नाही, त्यामुळे ‘आठ-आठ’ वाचायचा. पहिला आठ गुणिले १०० म्हणजे बोल्ट तुटण्याआधी किमान जेवढा ताण सोसतो तो, ८०० न्यूटन प्रति चौरस मिमी. दुसरा आठ सांगतो की त्याच्या ०.८ पटीला, सुमारे ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. म्हणून ‘दर्जा’ऐवजी ‘ताकदीचा वर्ग’ बरा. आणि खूण देवनागरी अंकांत नको, डोक्यावर उमटलीय तशीच छापा.