मदत हवी आहे: टॅग लावूनही गॅप दिसत नाहीये

ओला_खडू: गतीच्या धड्याचे ६० प्रश्न शीटमध्ये टाकलेत, सगळ्यांना काठिण्य आणि ज्ञान, उपयोजन, विश्लेषण या तीन पातळ्यांचे टॅग लावलेत, तरी ४१ प्रश्न एकाच चौकटीत येतात, मध्यम-उपयोजन. मग कुठल्या प्रकारचे प्रश्न कमी पडतायत, तो गॅप कुठे आहे? परीक्षा जवळ आलीये, लवकर सांगा.

रात्रपाळी: कोणाच्या हिशोबाने मध्यम? सोडवायच्या आधी टॅग लावलेस की उत्तर बघून?

ओला_खडू: उत्तर बघून. त्याने काय फरक पडतो?

सहाव्या_बाकावरचा: तीनच पातळ्या कशाला, ब्लूमच्या वर्गीकरणातल्या सहाच्या सहा लाव. अवघड असेल तर विश्लेषण, सोपा असेल तर ज्ञान, झालं काम.

रात्रपाळी: अहो तिथेच तर घोळ होतो! n व्या सेकंदातल्या विस्थापनाचं सूत्र नुसतं आठवून लिहायचं असेल तरी पुष्कळांचं चुकतं, म्हणजे अवघड पण ज्ञानच. उलट वेग दुप्पट केला, ब्रेक तितकाच, तर थांबायला किती पट अंतर लागेल? ४ पट, आकडेमोड नाहीच, पण v² आणि अंतराचं नातं स्वतःला ओळखावं लागतं. पातळी डोकं काय करतंय त्यावरून ठरते आणि काठिण्य तू किती वेळा चुकलास त्यावरून. खडू, उत्तर बघितलं की सगळंच मध्यम वाटतं रे. कुठलेही १२ प्रश्न काढ, उत्तर झाक, सोडव आणि मग टॅग लाव.

पुस्तकी_किडा: मी तर फ्लॅशकार्डच वापरतो, टॅगबिग काही लागत नाही. माझा इतिहास त्यावरच झाला.

सहाव्या_बाकावरचा: इतिहासाचं इथे काय??

ओला_खडू: केले १२. ७ निघाले u=10, a=2, t=5 तर v काढा टाइपचे, किमती टाकल्या की २० आलं, मी त्यांनाही मध्यम म्हणत होतो 😅 विश्लेषणाचा एकच होता आणि तोच चुकला. पण आता तक्त्यात विश्लेषण-अवघड ० दाखवतोय, तो एक कुठे गेला?

रात्रपाळी: फॉर्म्युला टाक इथे.

ओला_खडू:
```
=COUNTIFS($C:$C,$G2,$D:$D,H$1)
```
C मध्ये पातळी, D मध्ये काठिण्य.

रात्रपाळी: फॉर्म्युला बरोबर आहे. एखाद्या टॅगच्या शेवटी स्पेस पडली असणार, "अवघड " आणि "अवघड" त्याला वेगवेगळे वाटतात. हाताने टाइप करूच नकोस, ड्रॉपडाउन लाव.

ओला_खडू: स्पेसच होती 🤦 आता १ आला. मग सगळ्या रिकाम्या चौकटी भरू का?

रात्रपाळी: नको. आधी जुन्या पेपरच्या प्रश्नांना हेच टॅग लाव. तिथेही ती चौकट रिकामी असेल तर तो गॅप नाही, उगाच वेळ जाईल.

सहाव्या_बाकावरचा: आणि तोच विश्लेषणाचा प्रश्न तिसऱ्यांदा सोडवला की तो पाठ झालेला असतो, मग त्याचा टॅग ज्ञान करायचा ना?

रात्रपाळी: मी टॅग बदलत नाही, शेजारी "किती वेळा पाहिला" असा कॉलम ठेवतो.

सहाव्या_बाकावरचा: मग तक्ता खोटंच बोलतो की! पाठ असलेले पण विश्लेषणात मोजले जाणार.

पुस्तकी_किडा: फ्लॅशकार्डात हा प्रश्नच येत नाही, एवढंच सांगतो.