कमानीची दोरी कुठे गेली?

वाचनवेडी: फारसीत कमान म्हणजे धनुष्य, आपलं 'तीरकमान' त्यातूनच आलं. पण धनुष्याला दोरी असते, दगडी कमानीला नसते. मग नाव नुसतं आकारावरून पडलं का?

दगडफूल: आकारावरूनच. पण दोरीचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. आडव्या दगडावर भार आला की त्याची खालची बाजू ताणली जाते. दगड दाब भरपूर सोसतो, ताण नाही. म्हणून लांब दगड मधोमध तडकतो. कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना फक्त दाबतात. दक्षिण फ्रान्समधल्या पों द्यु गार या रोमन जलसेतूची सर्वांत रुंद कमान सुमारे 24.5 मीटरची आहे आणि तिच्या दगडांमध्ये चुनाही नाही. मात्र हा दाब पायाशी पोचतो तेव्हा बाहेरही रेटतो. धनुष्यात तो रेटा दोरी धरते, इमारतीत बाजूची भिंत.

सिन्नरकर: म्हणजे सगळा भार मधल्या, कळीच्या दगडावर. आमच्या गोंदेश्वराच्या सभामंडपातला घुमटही असाच.

दगडफूल: मधला दगड शेवटी बसतो, एवढंच त्याचं वेगळेपण. तोवर वजन लाकडी सेंटरिंगवर असतं. नंतर तो इतरांसारखाच. गोंदेश्वराचं छत मात्र दुसऱ्या जातीचं. तिथे प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत काढलाय. सांधे बघा: थरांमधले सांधे आडवेच असतात. खऱ्या कमानीत ते तिरपे होत मध्याकडे वळतात.

वाडेकर: आमच्या वाड्याच्या दरवाजाच्या कमानीला माथ्याशी, खालून फट पडलीय. सिमेंट भरलं, परत उघडली. मधला दगड बदलावा का?

दगडफूल: दगड राहू द्या. शेजारचं काही पाडलं का?

वाडेकर: हो, गेल्या वर्षी डावीकडची जाड भिंत.

दगडफूल: मग तुमची दोरी तीच होती. पाय बाहेर सरकले की माथा खाली बसतो आणि तिथे खालून फट उघडते. फटीवर काचेची पट्टी चिकटवा. ती तडकली तर हालचाल चालू आहे. आधी खालून टेकू द्या आणि जुन्या बांधकामाचा अभियंता बोलवा.

वाचनवेडी: घुमटालाही हेच लागू?

दगडफूल: हो, तिथे रेटा चारी बाजूंना. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा पहिला घुमट विटांचा आणि फार बसका होता. बसका घुमट जास्त बाहेर रेटतो. भूकंपानंतर 558 मध्ये तो कोसळला. नवा सुमारे सहा मीटर उंच बांधला, म्हणजे रेटा कमी.

वाचनवेडी: कमान गोल फिरवली की घुमट, हे पटलं. पण तीच सरळ मागे लांबवत नेली, की बोगद्यासारखं छत होतं. त्याला आपल्याकडे काय म्हणतात?

सिन्नरकर: आमच्याकडचे गवंडी 'कमानीचं छत' म्हणतात.

दगडफूल: हिंदीत 'लदाव' आहे. मराठीत एकच रुळलेला शब्द मी तरी ऐकलेला नाही. कोकणातल्या कुणी ऐकलाय का?