‘गायडन्स कायम’ : इथे नेमके काय कायम असते?

शब्दवेडी : एका नातेवाईक गुंतवणूकदारासाठी कंपनीच्या तिमाही अर्निंग्ज कॉलचा, म्हणजे निकालांवर व्यवस्थापन आणि विश्लेषक यांच्यात होणाऱ्या बोलण्याचा, मराठी सारांश लिहिते आहे. ध्वनिमुद्रण तासाभराचे आहे. सुरुवातीच्या निवेदनात मुख्याधिकारी म्हणतात की, वर्षाच्या महसूलवाढीचे ८ ते १० टक्क्यांचे गायडन्स आम्ही ‘मेंटेन’ करतो आहोत. मी लिहिले, ‘मार्गदर्शन कायम ठेवले.’ इथे ‘मार्गदर्शन’ चालेल का? आणि व्यवस्थापनाचा एकूण भाव सांगायला ‘सूर’ हा शब्द बरोबर वाटतो का?

नवा भागधारक : मीही शेअर बाजारात नवीन आहे. मार्गदर्शन कायम म्हणजे कंपनी आपल्याला शेअर ठेवायला सांगते आहे, असेच ना? माझ्याकडे अशाच एका कंपनीचे शेअर आहेत, म्हणून विचारतो.

शब्दवेडी : नाही, शेअर ठेवा की विका याबद्दल कंपनी काहीच सांगत नाही. पण तुमचा असा समज झाला, म्हणजे ‘मार्गदर्शन’ टाळलेलेच बरे.

वहीखाते : सरळ ‘वचन’ लिहा. कंपनीने आकडा दिला आणि तो गाठला नाही की शेअर पडतो. मग ते वचनच झाले.

ताळेबंद : शेअर पडतो हे खरे, पण वचन म्हणणे जास्त होईल. आज दिसणाऱ्या ऑर्डरी, दर आणि खर्च धरून व्यवस्थापनाने मांडलेला तो अंदाज असतो आणि पुढच्या तिमाहीत तो बदलायची त्यांना मोकळीक असते. ‘कंपनीचा स्वतःचा अंदाज’ असे लिहा. ‘स्वतःचा’ गाळू नका, कारण विश्लेषकांचेही अंदाज असतात आणि सारांशात दोन्हींची सरमिसळ फार लवकर होते. ‘तीन वर्षांत दुप्पट व्हायची आमची इच्छा आहे’ असे एखादे वाक्य आले तर ते या खात्यात धरू नका, ती आकांक्षा आहे. शब्दवेडी, मला जास्त काळजी तुमच्या ‘कायम’ची वाटते. प्रश्नोत्तरांत या आकड्यावर कोणी खोदून विचारले का? मधल्या काळात कंपनीने दुसरी एखादी कंपनी विकत घेतली आहे का?

शब्दवेडी : हो, दोन्ही झाले आहे. एका विश्लेषकाने विचारले की या ८ ते १० मध्ये नव्याने घेतलेला व्यवसाय धरला आहे का. वित्तप्रमुख म्हणाले, धरला आहे, त्याचा हातभार साधारण दोन टक्क्यांचा असेल. मागच्या कॉलच्या वेळी ही खरेदी जाहीरही झाली नव्हती.

ताळेबंद : मग तुमच्या सारांशातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे आहे, सुरुवातीच्या निवेदनात नाही. मागच्या वर्षाचा महसूल १०० धरा. तीन महिन्यांपूर्वी कंपनी म्हणत होती, आमचा मूळ व्यवसाय १०८ ते ११० वर जाईल. आजही १०८ ते ११० च म्हणते, पण त्यातले २ विकत आणलेले आहेत. म्हणजे मूळ व्यवसायाचा अंदाज १०६ ते १०८ झाला. आकडा कायम आहे, त्याच्या पोटातला अंदाज दोन टक्क्यांनी खाली आला आहे. नुसते ‘कायम’ लिहिले तर वाक्य खोटे ठरत नाही, पण वाचणाऱ्याची समजूत चुकीची होते.

आणखी एक गोष्ट तपासा. पहिल्या सहामाहीत मूळ व्यवसाय किती वाढला?

शब्दवेडी : ५ टक्के.

ताळेबंद : दोन्ही सहामाह्या मागच्या वर्षी सारख्या, ५०-५० होत्या असे समजू. पहिलीत ५२.५ झाले. नव्या अंदाजाचा मध्य १०७ आहे, म्हणजे दुसरीत ५४.५ हवेत. ती ९ टक्के वाढ झाली. खाली आणलेला अंदाज गाठायलाही वेग जवळजवळ दुप्पट करावा लागणार. हंगामी धंदा असेल तर ५०-५० धरता येणार नाही, तेव्हा मागच्या वर्षीचे खरे आकडे घालून बघा. हे गणित तुमचे आहे, कंपनी असे बोललेली नाही, हेही सारांशात दिसू द्या.

चिकित्सक : माझा आक्षेप याच जागी आहे. सारांश म्हणजे जे बोलले गेले ते. ‘अंदाज घटवला’ असे कंपनी कुठेही म्हणाली नाही.

ताळेबंद : म्हणूनच ‘घटवला’ लिहू नका. ‘एकूण आकडा तोच, मात्र आता त्यात खरेदीचे सुमारे दोन टक्के धरले आहेत’ एवढे लिहा. दोन्ही गोष्टी त्यांच्याच तोंडच्या आहेत. वजाबाकी खाली वेगळ्या ओळीत द्या.

शब्दवेडी : आता जोखमीबद्दल. सुरुवातीला एक लांब निवेदन वाचले गेले, प्रत्यक्ष निकाल वेगळे असू शकतात वगैरे. ते जोखमीत घ्यायचे का?

ताळेबंद : नको. तो कायदेशीर मजकूर बहुतेक प्रत्येक कॉलमध्ये जवळपास त्याच शब्दांत असतो. या तिमाहीत नव्याने काय बोलले ते घ्या.

शब्दवेडी : एका मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डरी ‘पुश आउट’ झाल्या, असे म्हणाले.

वहीखाते : म्हणजे रद्द झाल्या. मी ज्या कंपनीत हिशेब पाहायचो तिथे ‘पुढे गेली’ म्हटलेली ऑर्डर परत आलेली मला आठवत नाही.

ताळेबंद : तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण सारांशात ‘पुढे ढकलल्या’ हेच यायला हवे. रद्द झालेली ऑर्डर ऑर्डर बुकातून वजा होते, ढकललेली तिथेच राहते. शब्द बदलला की अर्थाबरोबर हिशेबही बदलतो. शंका दाखवायची तर तारीख शोधा. ‘पुढच्या तिमाहीत’ म्हणाले की ‘परिस्थिती निवळल्यावर’?

शब्दवेडी : ‘येत्या काही तिमाह्यांत.’ आणि हेही विश्लेषकाने विचारल्यावरच. निवेदनात त्याचा उल्लेख नव्हता.

ताळेबंद : मग तसेच नोंदवा : निश्चित तिमाही सांगितली नाही, विषय प्रश्नानंतर निघाला. वाचणाऱ्याला एवढे पुरते.

वहीखाते : ‘सूर’ शब्द छान आहे, तोच ठेवा. सूर ओळखायला आवाज ऐका. माणूस अडखळला, थांबला की समजायचे, काहीतरी लपवतो आहे.

ताळेबंद : अडखळण्यावरून इतके ठरवू नका. लाइन खराब असते, कोण उत्तर देणार हे खुणेने ठरत असते, कित्येकांची ती बोलायची भाषाही नसते. मी मागच्या कॉलची लिखित प्रत शेजारी ठेवतो आणि एकाच विषयावरची वाक्ये जुळवतो. शब्दवेडी, नफ्याच्या मार्जिनबद्दल तेव्हा आणि आता काय म्हणाले?

शब्दवेडी : तेव्हा ‘१६ टक्के राखू याची खात्री आहे.’ आता ‘१६ च्या आसपास राहण्याचा प्रयत्न आहे.’

ताळेबंद : हाच सूर. ‘सावध’ असे विशेषण लावण्यापेक्षा ही दोन वाक्ये एकाखाली एक द्या. सगळ्या विषयांवर तसे करू नका, जिथे खरेच फरक पडला आहे तिथेच करा.

चिकित्सक : हे पटले, पण पूर्ण नाही. केवळ वाक्ये जुळवायची तर लिखित प्रत पुरेशी होती, ध्वनिमुद्रण कशाला ऐकायचे? मुख्याधिकाऱ्यांनी आजवर स्वतः दिलेले उत्तर या वेळी वित्तप्रमुखांकडे सोपवले, एक प्रश्न दोनदा विचारूनही आकडा दिला नाही, प्रत्येक ‘प्रयत्न’ शब्दाआधी सेकंदभर शांतता आहे. शेवटची गोष्ट कागदावर येतच नाही. मी ती मिनिटासह नोंदवीन.

ताळेबंद : पहिल्या दोन मीही नोंदवीन. शांतता नाही.

चिकित्सक : यावर आपले जमणार नाही.

शब्दवेडी : आत्तापुरता मसुदा असा : ‘वर्षाच्या महसूलवाढीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज ८ ते १० टक्केच आहे, मात्र आता त्यात नव्या खरेदीचे सुमारे दोन टक्के धरले आहेत. एका मोठ्या ग्राहकाच्या ऑर्डरी पुढे ढकलल्या गेल्या आहेत. हे प्रश्नोत्तरांत कळले, निश्चित तिमाही सांगितली नाही. मार्जिनबाबत मागच्या वेळी “खात्री” होती, या वेळी “प्रयत्न” आहे.’ वजाबाकी आणि दुसऱ्या सहामाहीचे गणित खाली ‘माझा हिशेब’ म्हणून देते. शांततेचे अजून ठरलेले नाही, ती मिनिटे पुन्हा ऐकते.