अनुभव धागा: पहिला गिझर आणि त्याची पुस्तिका

ओटीवरून (गुहागर तालुका)

आमच्या वाडीतल्या बचत गटातल्या सहाजणींनी गणपतीआधी मिळून गिझर घेतले. सगळे एकाच जातीचे, 15 लिटर, 2000 वॅट. सहाही घरांत हा पहिलाच गिझर. तोवर न्हाणीत पाणचूल किंवा बंब. पुस्तिका मराठीत होती म्हणून बरं वाटलं, आणि मी ती सगळ्यांना वाचून दाखवायला बसले.

वाचताना एक ठरवलं होतं. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं आणि विचारायचं, "मग आता तू काय करशील?" समजलं का असं विचारलं की सगळ्या हो म्हणतात. काय करशील विचारलं की खरं कळतं.

'शुष्क तापन टाळावे.' काकी म्हणाल्या, न्हाणी कोरडी ठेवायची, ओल्या हाताने बटण लावायचं नाही. दुसरी म्हणाली, उन्हाळ्यात लावायचा नाही. खरा अर्थ असा की टाकीत पाणी नसताना गिझर चालू करायचा नाही. बंबात पाणी ओतल्याशिवाय जाळ घालायचा नाही, हे यातल्या प्रत्येकीला लहानपणापासून माहीत आहे. तेच त्या वाक्यात तिला ओळखता आलं नाही.

'दाबमुक्ती झडपेचा विसर्ग अबाधित ठेवावा.' इथे सगळ्याच गप्प. काकींची नातवंडं शाळेत शिकतात, ती म्हणाली विसर्ग म्हणजे अक्षरापुढचे दोन ठिपके. मग काकींनी स्वतः अर्थ लावला: गळती होऊ द्यायची नाही. म्हणजे बरोबर उलटं.

हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिलंय, कारण माझ्या मावशीकडे नेमकं तेच झालं होतं. गिझरखालच्या पितळी झडपेतून रोज पाणी ठिबकायचं, भिंत ओली व्हायची. गवंडीकाम करणाऱ्या मुलाने लाकडाची खुंटी ठोकून वर एम-सील लावलं. ठिबकणं थांबलं, सगळे खूश. चार-पाच महिन्यांनी खालच्या जोडाशी टाकीला चीर गेली आणि कढत पाणी भिंतीवरून आलं. न्हाणीत तेव्हा कोणी नव्हतं. झडप ठिबकते आणि ठिबकलीच पाहिजे, हे त्या पुस्तिकेत कुठेही नव्हतं. या नव्या पुस्तिकेतही नाही. 'गळती आढळल्यास सेवा केंद्राशी संपर्क साधावा' एवढंच आहे.

दुकानदार म्हणाले, तुम्ही नीट लिहून दिलंत तर मी प्रत्येक खोक्यात एक कागद घालीन. म्हणून विचारते. पहिल्यांदा आणलेल्या यंत्राच्या पुस्तिकेतलं कुठलं वाक्य तुमच्या घरी चुकीचं समजलं गेलं? आणि कुठली धोक्याची सूचना तिथे असायला हवी होती पण नव्हती?

खाडीपल्याड

ताई, झडप ठिबकते म्हणजे आतला वॉशर गेलेला असतो. आमच्याकडेही ठिबकायची. मी तोंडाला बूच लावलं, दोन वर्षं झाली, काही झालेलं नाही. मावशींच्या टाकीचा पत्राच हलका असणार. मात्र पाणी नसताना चालू करू नये हे शंभर टक्के खरं. वरची सिंटेक्स रिकामी झाली की आम्ही आधी गिझरचं बटण बंद करतो, नाहीतर कॉइल जळते.

देवगडचा वायरमन

खाडीपल्याड, आज घरी गेल्यावर पहिलं ते बूच काढा. बटण बंद करून, पाणी निवल्यावर. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 75 अंशांवर गेलं तर साधारण 340 मिलीलिटरने वाढतं. अर्ध्या लिटरची बाटली दोनतृतीयांश भरेल एवढं. ते जाणार कुठे? त्या झडपेत पाणी एकाच दिशेने सोडणारा पडदा असतो, त्यामुळे ते वरच्या टाकीकडे परत जाऊ शकत नाही. नळ बंद असतो. मग दाब वाढतो आणि झडप थोडं थोडं पाणी बाहेर टाकते. वॉशर गेला म्हणून ती ठिबकत नाही, ठिबकण्यासाठीच ती बसवलेली आहे.

दोन वर्षं काही झालं नाही हे नशीब, आणि पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा तुमचा थर्मोस्टॅटही दोन वर्षं नीट चाललाय. तो चिकटला आणि त्याच्यामागचा कटआउटही चालला नाही, तर पाणी शंभर अंशांच्या वर जातं आणि दाबामुळे त्याची वाफही होत नाही. अशा वेळी टाकी फुटली तर त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. बूच लावलेल्या गिझरला तेव्हा दुसरी वाट उरत नाही.

झडप चांगली की बिघडलेली हे ओळखायचं कसं, तेही सांगतो. झडपेखाली रिकामी बाटली टांगा. पाणी तापत असतानाच ठिबकलं आणि नंतर थांबलं, तर झडप चांगली. रात्री बटण बंद असतानाही सकाळपर्यंत बाटली भरली, तर आत कचरा अडकलाय किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. गिझरवर 8 बार लिहिलेलं असतं, ते बघून लोक घाबरतात. तो दाब म्हणजे ऐंशी मीटर उंचीचं पाणी. आपल्या कौलारू घराची टाकी चार-पाच मीटरवर असते, तिची काळजी नको. प्रेशर पंप लावला असेल तर मात्र विचारून घ्या.

आणि वरची टाकी रिकामी झाली म्हणून गिझर लगेच रिकामा होत नाही. गरम पाणी टाकीच्या माथ्यावरून बाहेर पडतं, त्यामुळे नळाचं पाणी थांबलं तरी आत ते भरलेलंच असतं. धोका असतो तो नवीन बसवताना, आणि पाइपाचं काम किंवा टाकी धुणं झाल्यावर. तेव्हा गरम पाण्याचा नळ उघडायचा, फसफस थांबून सलग धार आली की मगच बटण लावायचं. धार आली म्हणजे टाकी काठोकाठ भरली.

समुद्राकडची खोली

आमचा मालवणजवळ होमस्टे. पुस्तिकेत 'योग्य अर्थिंग असल्याची खात्री करावी' लिहिलंय. खात्री करायची म्हणजे काय करायचं? तीन पिनांचा प्लग बसला म्हणजे अर्थिंग झालं, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. यंदा मे महिन्यात एका पाहुण्याने सांगितलं, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन आला. त्याने शंभराचा बल्ब आधी फेज आणि न्यूट्रलला लावला, मग फेज आणि अर्थला. दुसऱ्या वेळी बल्ब पार मंद. म्हणाला, "दादानू, अर्थिंग हा, पण ता जांभ्यात सुकान गेला." पावसात अर्थिंगचा तोच खड्डा ठीक चालायचा.

देवगडचा वायरमन

बरोबर सांगितलं त्याने. ही तपासणी घरच्यांनी मात्र करायची नाही, ती वायरमननेच.

जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की वीज जमिनीत शिरायला वाट देत नाही. समजा त्या खड्ड्याचा रोध शंभर ओहम झाला. गिझरच्या कॉइलला चीर गेली आणि गिझरच्या पत्र्यात करंट उतरला, तर त्या अर्थिंगमधून जास्तीत जास्त सव्वादोन अँपिअर जातील. भार जास्त झाला की आपोआप पडणारा तुमचा एमसीबी 16 अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने तो एखाद्या इस्त्रीएवढासुद्धा भार नाही, मग तो पडेल कशाला? गिझर चालूच राहणार आणि नळही जिवंत राहणार. म्हणून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा, तो करंटच्या एवढ्याशा गळतीवर लगेच पडून वीज तोडतो. पुस्तिकेत त्याचं नावसुद्धा नसेल तर ती सूचना राहिली असंच मी म्हणेन.

तुळशीवृंदावन

आमचा गॅस गिझर आहे, म्हणून इथे बसतं की नाही माहीत नाही. पुस्तिकेत 'हवेशीर जागी बसवावा' एवढंच होतं. न्हाणीत आम्ही छोटा पंखा लावला, आमच्या मते तेच हवेशीर. थंडीत खिडकी बंद करून सून आंघोळीला गेली आणि चक्कर येऊन दाराशी पडली. दार ढकलून बाहेर काढली म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो. गॅसचा वास आला नाही म्हणजे धोका नाही, हीच आमची समजूत होती. आता गिझर मागच्या पडवीत आहे, आत फक्त पाइप येतो. त्या पुस्तिकेत 'न्हाणीत बसवू नका' हे तीन शब्द हवे होते.

शब्दामागे

मी काही वर्षं अशा पुस्तिकांची भाषांतरं केली आहेत, म्हणून आतली बाजू सांगते. आमच्याकडे पुस्तिका येत नाही, वाक्यांची यादी येते. चित्र नाही, यंत्र नाही, आधीचं-नंतरचं वाक्यही कधी कधी नाही. 'शुष्क तापन' असंच जन्माला येतं. मूळ मजकुरातच जे नाही ते घालायची परवानगी आम्हाला नसते. ठिबकण्याबद्दल मी एकदा टीप लिहून पाठवली होती, ती छापली गेली नाही. ओटीवरून, तुमची 'मग काय करशील?' ही रीत मला आधी सुचायला हवी होती.

समुद्राकडची खोली

वायरमनदादा, झडपेला छोटी दांडी असते. महिन्यातून एकदा उचलून पाणी येतं का बघावं, असं एकाने सांगितलं. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे दोन वर्षांत हिरवा थर चढतो. कागदावर हे लिहावं का?

देवगडचा वायरमन

नवी झडप असेल तर जरूर लिहा. पाच-सहा वर्षं कोणी हातच लावला नसेल, तर उचललेली दांडी परत नीट बसत नाही आणि धार लागते. मग लोक पुन्हा बूच शोधतात. मी जुन्यांना सरळ झडप बदला म्हणतो. पण पहिल्यांदा घेणाऱ्याने स्वतः दांडी उचलावी का, यावर आमच्या वायरमन मंडळीतच एकमत नाही. उचलताना कढत पाणी हातावर येतं.

खाडीपल्याड

बूच काढलं. संध्याकाळी बाटली बांधली, पाणी तापताना ठिबकली, सकाळी तेवढीच होती.

ओटीवरून (गुहागर तालुका)

खाडीपल्याड, फार बरं वाटलं.

काल कागदाचा पहिला मसुदा काकींना वाचून दाखवला. 'गिझरखालच्या पितळी झडपेतून पाणी तापताना ठिबकणार. ठिबकू द्या. तिचं तोंड कधीही बंद करू नका, तिला नळी जोडून खाली मोरीत सोडा.' काय करशील विचारलं. म्हणाल्या, "नळी सोडीन, आणि नळीचं तोंड बादलीत बुडवून ठेवीन, म्हणजे पाणी फुकट जाणार नाही." बादलीतली नळी रात्री कोणी दगडाने दाबून ठेवेल, ही भीती मला वाटली. म्हणून आता लिहिलंय: 'नळीचं टोक उघडं, डोळ्यांना दिसेल असं ठेवा.'

अर्थिंगचं वाक्य असं केलं आहे: 'बसवणाऱ्या वायरमनला अर्थिंग तपासून दाखवायला सांगा, आणि मे महिन्यात पुन्हा एकदा. आरसीसीबी आहे का ते विचारा.' दांडीचं अजून लिहिलेलं नाही. न्हाणीत गॅस गिझर नको, हे विजेच्या गिझरच्या खोक्यात घालायचं की नाही, यावर दुकानदारांशी उद्या बोलणार आहे. ते म्हणतात गिऱ्हाईक गोंधळेल.