मदत हवी आहे: कासच्या धुक्यासाठी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. पावसाळ्यात कास, ठोसेघर, सज्जनगड अशी भटकंती असते. मोबाईलच्या फोटोत धुक्यातली फुलं चिखलासारखी दिसतात, म्हणून पहिला कॅमेरा घेतोय.

दोन पर्याय समोर आहेत. खिशात मावणारा सोनी आरएक्स१०० व्हीआयआय, सेन्सर एक इंची. दुसरा कॅनन आर५०, मिररलेस. त्याचा एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळाने जवळजवळ तिप्पट. मी आधी आर५०च पक्का केला होता. पण सोबतची १८-४५ लेन्स रुंद टोकालाही f/4.5 पासूनच सुरू होते, सोनीची f/2.8 पासून. म्हणजे सोनीच्या लेन्समधून अडीचपट प्रकाश येतो आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच जवळपास संपतो. हिशेब चुकत असेल तर सांगा.

मग आर५०सोबत सिग्मा ३० मिमी f/1.4 घ्यावी का? झूम जाईल, पण उजेड भरपूर मिळेल. अडचण एकच: बॉडीत आणि या लेन्समध्ये, दोन्हीकडे स्टॅबिलायझेशन नाही. अंधुक उजेडात हातात धरून कुणी वापरली आहे का? शटर किती ठेवता? आणि रिमझिमीत कॅमेरा कसा सांभाळता?