उत्तर: निकोटीन नसलेली गोळी तलफ कशी भागवते?

> "सातपूरला शिफ्टला असतो. च्युइंगम चघळूनही चहासोबत सिगारेट ओढली जायचीच. आता डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन दिलंय. यात निकोटीनच नाही, मग तलफ कशी जाणार?"

मेंदूतल्या पेशींवर अल्फा-४ बीटा-२ नावाचे रिसेप्टर, म्हणजे निकोटीन बसण्याच्या जागा असतात. निकोटीन तिथे बसलं की डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. च्युइंगममधलंही निकोटीनच, फक्त ते तोंडाच्या अस्तरातून सावकाश शोषलं जातं. सिगारेटचं काही सेकंदांत मेंदूत पोचतं. म्हणून च्युइंगमने चिडचिड कमी होते, पण वर सिगारेट ओढली तर तिचा झटका बऱ्यापैकी जाणवतो. त्यात चहा! चहाच्या आम्लतेमुळे तोंडात निकोटीन नीट शोषलंच जात नाही. च्युइंगम चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना काही खाऊ-पिऊ नये, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

व्हॅरेनिक्लिन त्याच रिसेप्टरला निकोटीनपेक्षा घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालू करतं. थोडं डोपामिन सुटत राहतं, म्हणून तलफ सौम्य होते. आणि जागा आधीच अडलेली असल्याने सिगारेट ओढली तरी तितकी मजा येत नाही. चहासोबतच्या तुमच्या सिगारेटवर हाच परिणाम उपयोगी आहे.

हे पहिल्या दिवशी होत नाही. नेहमीचा डोस असा: तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ दोनदा, एकूण १२ आठवडे. सिगारेट साधारण आठव्या दिवशी सोडायची. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळ होण्याची शक्यता वाढते. जेवून, पेलाभर पाण्यासोबत घ्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस कमी करावा लागू शकतो.